ई-कचरा संकलनाची घोषवाक्यं: काय आणायचं आणि का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिफ्टशेजारच्या फळ्यावर, शाळेच्या फाटकावर किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ई-कचरा संकलनाची घोषवाक्यं लिहिणाऱ्यांसाठी हे पान आहे. कार्यकर्ते आणि संकलनाच्या टेबलापाशी वस्तू घेऊन येणारे लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणादाखल दिलेली घोषवाक्यं जशीच्या तशी वापरा किंवा आपल्या वस्तीला शोभतील अशी बदलून घ्या.

‘ई-कचरा द्या, पर्यावरण वाचवा’ असं लिहिलं तर काय बिघडलं?

त्यात वस्तू नाही. वाचणारा मान डोलावतो आणि लिफ्टमध्ये शिरतो. टीव्हीखालच्या खणात पडलेला वायर तुटलेला चार्जर किंवा माळ्यावरचा बंद मिक्सर त्याच्या डोळ्यांपुढे येत नाही. घोषवाक्याचं पहिलं काम हेच, की वाचणाऱ्याला आपल्या घरातली एक ठरावीक वस्तू आणि तिची जागा आठवली पाहिजे. दुसरं काम, ती वस्तू घंटागाडीत न टाकता खाली टेबलापर्यंत का आणायची, याचं एक खरं कारण देणं.

म्हणून तेच वाक्य असं लिहून पाहा: ‘खणातले तुटके चार्जर आणि इयरफोन शनिवारी खाली आणा. आतलं तांबं पुन्हा वापरता येतं. कचऱ्याच्या ढिगात गेलं की संपलं.’ वाक्य लांबलं आहे, पण त्यात वस्तू, जागा, दिवस आणि कारण असं चारही आलं. लिफ्टची वाट पाहणारा माणूस एवढं सहज वाचतो. एका फळ्यावर एकच वस्तू घ्या. दुसरी वस्तू सांगायची असेल तर दुसरा फळा लावा किंवा दोन दिवसांनी मजकूर बदला.

काय आणायचं, हे एका ओळीत कसं सांगायचं?

आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलेली ओळ ही: ‘चालण्यासाठी प्लग, सेल किंवा चार्जर लागत होता? मग बिघडल्यावर ती वस्तू इथे आणा.’ ही कसोटी लहान मुलालाही लावता येते. मोबाईल, की-बोर्ड आणि रिमोट तर त्यात येतातच, शिवाय इस्त्री, विजेवरची खेळणी, ड्रिल मशीन आणि विजेवर चालणारं शिलाई मशीनही येतं. लोकांना ई-कचरा म्हणजे फक्त कॉम्प्युटर आणि मोबाईल वाटतो, म्हणून ‘इस्त्रीसुद्धा’, ‘खेळण्यातली गाडीसुद्धा’ असं मुद्दाम लिहावं लागतं.

कायद्याची यादीही आता रुंद आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये १०६ प्रकारची उपकरणं आहेत; आधीच्या नियमांत २१ होती. ती यादी मात्र फळ्यावर उतरवू नका, कारण कोणी वाचत नाही. आपली वस्तू यादीत सापडली नाही, तर ती इथे घेत नसणार असं समजून माणूस परत फिरतो.

आणखी एक ओळ मुलांना फार आवडते: ‘वस्तू उलटून पाहा. कचऱ्याच्या डब्यावर फुली मारलेलं चित्र दिसलं, तर ती घंटागाडीत नाही, इथे.’ बहुतेक चार्जर, अ‍ॅडॉप्टर आणि फोनच्या खोक्यांवर हे चित्र छापलेलं असतं. शाळेत घोषवाक्यं देताना याच ओळीपासून सुरुवात करा. मुलं घरी जाऊन एकेक वस्तू उलटून पाहू लागतात.

काय आणू नये, हेही घोषवाक्यात सांगायचं का?

हो, आणि तितक्याच ठळकपणे. नाहीतर थर्माकोल, सीडीची रिकामी कव्हरं, जुनी औषधं आणि पाऱ्याचे थर्मामीटर येतात. ते घेणारं तिथे कोणी नसतं आणि संध्याकाळी ते कार्यकर्त्यांच्या गळ्यात पडतात. तारेचा जुना पिवळा बल्ब इथे उपयोगाचा नाही. इन्व्हर्टरची आणि गाडीची बॅटरी विक्रेता नवी देताना जुनी परत घेतो आणि तिची किंमत वळती करतो, म्हणून ती तिकडेच द्यावी. बॅटऱ्यांसाठी २०२२ पासून स्वतंत्र नियमही आहेत. रिमोटचे साधे पेन्सिल सेल तुमच्याकडून ई-कचरा नेणारा पुनर्वापर करणारा कारखानदार घेतो का, हे त्याला आधी विचारा आणि तो ‘हो’ म्हणाला तरच फळ्यावर लिहा.

फ्रिज आणि एसी यांचं वेगळं. ते खाली आणायला सांगूच नका: ‘फ्रिज उचलू नका, फक्त नाव नोंदवा. न्यायला गाडी येईल. पाइप कापू नका, आतला वायू हवेत जातो.’ जुन्या फ्रिजमधला आर-१२ हा वायू ओझोनच्या थराला इजा करतो. नंतर आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. आताच्या पुष्कळ फ्रिजमधला आर-६००ए पेट घेणारा आहे. म्हणजे फ्रिज कुठल्याही काळातला असो, नळी कापणं वाईटच, आणि म्हणून ही एकच सूचना सगळ्यांना लागू पडते.

‘का’ सांगताना विषाची भीती घालायची की सोन्याचं आमिष दाखवायचं?

दोन्हीत चूक होण्याचा धोका आहे, म्हणून या प्रश्नाला जरा वेळ देऊ.

भीतीची घोषवाक्यं बहुधा यमकाच्या मागे लागून खोटी होतात. ‘जुना फोन कपाटात, विष पसरे घराघरात’ हे कानाला बरं लागतं, पण खरं नाही. अख्खा, न फुगलेला फोन कपाटात पडून राहिला तर त्यातून शिसं घरभर पसरत नाही. अपाय सुरू होतो तो वस्तू फुटल्यावर, जाळल्यावर किंवा आम्लात बुडवल्यावर. तांबं मिळवण्यासाठी वायर उघड्यावर जाळली, की तिच्या पीव्हीसीच्या वेष्टनातून डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्यं धुरात जातात. जुन्या सर्किट बोर्डांवरच्या डाखात शिसं असतं. बोर्ड तापवून सुटे भाग उतरवणाऱ्या माणसाच्या श्वासात ते जातं. उत्तर प्रदेशात मुरादाबादला रामगंगेच्या काठी बोर्ड जाळून उरलेली काळी राख वर्षानुवर्षं साचत गेली, आणि दिल्लीच्या सीलमपूरमधलं हातांनी चालणारं तोडकामही सर्वांना माहीत आहे. तेव्हा खरं कारण असं लिहा: ‘वायर सोलली तर तांबं, जाळली तर विषारी धूर. जाळणाऱ्यापर्यंत जाऊ देऊ नका, इथे आणा.’ धोका नेमका कुठे आहे हे कळलं की माणूस घाबरत नाही, ऐकतो. आणि ज्याला उगाच भीती घातली, तो घरातला फोन वर्षभर सुखरूप पडलेला पाहून पुढच्या घोषवाक्यावर विश्वास ठेवत नाही.

सोन्याचंही तसंच. ‘तुमच्या जुन्या फोनमध्ये सोनं आहे!’ असा फळा लावला, की लोक फोन आणण्याऐवजी परत कपाटात ठेवतात किंवा कोण किती देतो हे विचारत फिरतात. एका फोनमध्ये सोनं असतं साधारण ०.०३ ग्रॅम. हजार फोन जमले तर तीसेक ग्रॅम, आणि तेही योग्य कारखान्यात काढलं तर. टोकियो ऑलिम्पिकची पदकं बनवायला जपानमध्ये २०१७ ते २०१९ या काळात सुमारे ७९ हजार टन छोटी उपकरणं गोळा झाली, त्यांत ६२ लाखांच्या आसपास मोबाईल होते. त्या सगळ्यातून सोनं निघालं ३२ किलो. या आकड्यांतून घोषवाक्य निघतं ते असं: ‘एका फोनमध्ये सोनं कणभर. हजारो फोन एकत्र आले तरच ते बाहेर काढता येतं. तुमचा एक इथे द्या.’ यात आमिष नाही, पण एकट्याने ठेवून उपयोग नाही आणि एकत्र दिल्याने आहे, हे स्पष्ट होतं.

एखादं घोषवाक्य कच्च्यापासून पक्क्यापर्यंत कसं घडतं?

फुगलेल्या बॅटरीचं घेऊ, कारण चुकलं तर खरोखर आग लागते ती इथेच.

पहिला मसुदा बहुतेक असा असतो: ‘धोकादायक बॅटऱ्या सुरक्षितपणे जमा करा.’ यात बॅटरी धोकादायक आहे हे ओळखायचं कसं ते नाही आणि सुरक्षितपणे म्हणजे काय तेही नाही. ‘फुगलेल्या बॅटऱ्या आणा’ असा दुसरा मसुदा केला, तर वस्तू कळली. पण तो वाचून माणूस घरी काय करेल? फोनमध्ये चिकटवलेली बॅटरी स्क्रूड्रायव्हरने उचकटायला जाईल, किंवा सुटी बॅटरी किल्ल्या आणि चार्जरच्या पिशवीत टाकून आणेल. लिथियम बॅटरीत दोन पातळ पत्रे मधल्या नाजूक पडद्याने वेगळे ठेवलेले असतात. पडदा फाटला, की पत्रे एकमेकांना चिकटतात, बॅटरी आतून तापते आणि पेटते. टोचणं, वाकवणं, दाबणं या तिन्ही गोष्टींनी तो फाटू शकतो. कचऱ्याच्या गाडीत चेपली जाते तेव्हाही हेच होतं.

आता ओळखण्याची खूण शोधू. फुगलेली बॅटरी बाहेरून दिसत नाही, पण फोन टेबलावर ठेवला तर डगमगतो, पाठीमागचं झाकण उचललं जातं किंवा स्क्रीनच्या कडेला फट पडते. पॉवर बँकेची बाजू हाताला फुगीर लागते. हीच खूण घोषवाक्याच्या तोंडाशी घालायची. मग तिसरा मसुदा होतो:

‘फोनची पाठ उचलली गेली? बॅटरी फुगली आहे. चार्ज करू नका, उचकटू नका. टोचली किंवा दाबली तर पेटते. फोन तसाच, वेगळा आणा.’

हे लिफ्टजवळच्या फळ्यासाठी. टेबलापाशी दुसरं हवं, कारण तिथे माणूस वस्तू घेऊन उभाच असतो: ‘फुगलेली बॅटरी आणि पॉवर बँक पेटीत टाकू नका, हातात द्या.’ हातात घेतल्यावर कार्यकर्त्याने ती कोरड्या वाळूच्या लोखंडी बादलीत, सावलीत, पुठ्ठ्यांपासून दूर ठेवायची. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावायची. बादली आणि वाळू आदल्या दिवशी आणून ठेवली नसेल, तर हे घोषवाक्य लावूच नका. लोकांना जे आणायला सांगतो ते सांभाळायची सोय आपल्याकडे हवी.

ट्यूबलाइट आणि सीएफएल घ्यायचे का? त्यांचं घोषवाक्य काय?

पुनर्वापर करणारा घेत असेल तरच. त्यांत काही मिलिग्रॅम पारा असतो, एवढासाच, पण काच फुटली की त्याची वाफ खोलीत येते. म्हणून सगळा भर ‘अख्खे’ या शब्दावर द्या: ‘ट्यूब आणि सीएफएल अख्खेच आणा, पुठ्ठ्यात गुंडाळून. फुटले की आतला पारा हवेत.’ एलईडी बल्बमध्ये पारा नसतो. तोही ई-कचराच आहे, पण त्याला ही ओळ लावू नका.

घरी फुटलेल्या बल्बचं काय, असं हमखास विचारतात. खिडक्या उघडून दहा मिनिटं खोलीबाहेर राहा. मग जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक पूड चिकटपट्टीने उचला आणि झाकणाच्या बरणीत बंद करा. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका, त्याने पूड उडते.

डबा टीव्ही कोणी भंगारात देऊ नये, हे कसं पटवायचं?

जुन्या फुगीर टीव्हीच्या काचेच्या मागच्या निमुळत्या भागात शिसं मिसळलेलं असतं. त्या भागाच्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त. भंगारात त्याला किंमत असते ती मानेवर बसवलेल्या तांब्याच्या तारेच्या कड्याची, ज्याला टीव्ही दुरुस्त करणारे योक म्हणतात. ते काढताना मान मोडते. तांबं विकलं जातं आणि शिशाची काच नाल्याकाठी पडून राहते. घोषवाक्यात ही सगळी साखळी मावत नाही, म्हणून शेवटची कडी घ्या: ‘डबा टीव्ही फोडू देऊ नका. तांबं काढून नेतात, शिशाची काच आपल्याच नाल्यात टाकतात. अख्खा द्या.’

भंगारवाला पैसे देतो, मग फुकट का द्यायचं?

टेबलावर हा प्रश्न रोज येतो आणि तो रास्त आहे. त्याला टाळणारं घोषवाक्य लिहू नका. भंगारवाल्याला खलनायक तर मुळीच करू नका. तो तुमच्या दारात येतो, वस्तू दुरुस्तीला पाठवतो आणि लोखंड, पुठ्ठा, ॲल्युमिनियम यांचं काम चोख करतो. धुराचा आणि आम्लाचा पहिला फटका बसतो तोही त्याला आणि त्याच्याकडून माल घेणाऱ्या मजुरांनाच.

प्रामाणिक उत्तर असं, की चालू वस्तू विकायची असेल तर खुशाल विका. बंद वस्तूचे मोडीत मिळणारे पैसे थोडेच असतात आणि ते तिच्यातल्या तांब्या-लोखंडाचे असतात. उरलेल्या भागाचं काय होतं, याचा कोणीही हिशेब देत नाही. नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याला तो द्यावा लागतो. म्हणून: ‘चालू असेल तर विका. बंद असेल तर इथे द्या, पावती घ्या.’ पावती हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि ती खरोखर द्या: तारीख, वस्तू, वजन आणि कोणत्या कारखान्यात जाणार त्याचं नाव. कारखान्याची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तपासूनच ते नाव फळ्यावर घाला. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेमार्फतही अशा वस्तू गोळा होतात. ज्यांचं पोट कचऱ्यावर आहे त्यांनाच संकलनात काम मिळणं, हा मार्ग मला सगळ्यात न्याय्य वाटतो.

फोनमधले फोटो आणि बँकेची माहिती?

लोक फोन आणत नाहीत याचं मोठं कारण हेच आहे. त्यामुळे याचं घोषवाक्य स्वतंत्र फळ्यावर हवं आणि ते पायऱ्यांच्या क्रमाने हवं: ‘खात्यातून बाहेर पडा, सिम काढा, मेमरी कार्ड काढा, रीसेट करा, मग फोन द्या.’ खात्यातून बाहेर पडणं पहिलं, कारण आधी रीसेट केलं तर पुष्कळ फोन जुन्या खात्याला कुलूपबंद राहतात आणि चांगला फोनही पुन्हा कोणाला वापरता येत नाही. फोन सुरूच होत नसेल, तर दुसऱ्या फोनवरून आपल्या खात्यात जाऊन ते उपकरण यादीतून काढा आणि पासवर्ड बदला.

कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कला एवढं पुरत नाही. नुसती फॉरमॅट केलेली डिस्क परत वाचता येते. ज्याला खात्री हवी त्याच्यासमोर डिस्कला ड्रिलने भोकं पाडून द्या. टेबलावर ड्रिल ठेवलं आहे, असं आदल्या दिवशी ग्रुपवर कळवलं तर ऑफिसं आणि दुकानंही जुने कॉम्प्युटर घेऊन येतात.

घोषवाक्य कामी येतंय की नाही, हे कसं ओळखायचं?

समजा, चार इमारतींच्या सोसायटीत शनिवारी सकाळी संकलन आहे. एका कार्यकर्त्याला वही द्या आणि दोनच गोष्टी लिहायला सांगा: लोकांनी काय विचारलं आणि काय परत पाठवावं लागलं. अकरा वाजेपर्यंत ‘मिक्सर चालतो का?’ तिसऱ्यांदा आलं, तर फळ्यावर मिक्सर नाही, हे कळलं. तिथल्या तिथे खडूने ‘मिक्सरसुद्धा’ लिहा. थर्माकोल परत पाठवावा लागला, तर ‘काय आणू नये’ची ओळ खाली दडली आहे, ती वर आणा. फुटक्या ट्यूब आल्या, तर ‘अख्खे’ हा शब्द मोठा करा.

वजनावरून मात्र घोषवाक्याची पारख करू नका. दोन वॉशिंग मशीन आली की वजन भरतं, आणि खणातले चार्जर तसेच राहतात. किती घरांतून कोणी ना कोणी खाली आलं, हा आकडा पाहा.

घोषवाक्यं कधी लावायची?

दिवाळीच्या साफसफाईआधी. माळा, खण, पलंगाखालची जागा लोक आपणहून उपसतात ते तेव्हाच. साधारण त्याच सुमारास १४ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय ई-कचरा दिवस येतो, तोही निमित्ताला धरता येतो. संकलनाच्या दहा दिवस आधी पहिला फळा चार्जर-इयरफोनचा लावा, कारण ते प्रत्येक घरात असतात. मधे फोनच्या माहितीचा फळा लावा, म्हणजे रीसेट करायला वेळ मिळतो. बॅटरी आणि ट्यूबचा फळा शेवटच्या दोन दिवसांत लावा. तो लवकर लावला तर लोक त्या वस्तू काढून आठवडाभर दाराशी ठेवतात, आणि तिथे त्या फुटतात किंवा मुलांच्या हाती लागतात.